शंभर शब्दांचा गोषवारा आणि आपली बढती



३१ मार्चला वर्ष संपते आणि कार्यालयात वार्षिक अहवालांची गडबड सुरू होते. ज्याला आपण वर्षानुवर्षे ‘सी. आर.’ म्हणत आलो, त्याचे नाव आता ‘अपार’ झाले आहे. वर्षभरात साहेबांनी, सुपरवायझरने आणि आपण स्वतः जे काही लिहिले, त्या सगळ्याचा शेवटी एक छोटा गोषवारा होतो आणि तोच बढतीच्या बैठकीत पुढे जातो. रायपूरला ब्राह्मणपाऱ्यात माझ्याकडे संध्याकाळी कागद घेऊन जे कर्मचारी येतात, त्यांतील बरेच जण एकच वाक्य बोलतात : ‘काम तर चांगले केले, मग अहवालात असे कसे आले?’ या प्रश्नाचे उत्तर बहुतेक वेळा साहेबांच्या मनात नसते. ते गोषवारा करण्याच्या पद्धतीत असते. म्हणून आज साहेब चांगला की वाईट हा वाद बाजूला ठेवू आणि गोषवारा कसा व्हावा, कसा होऊ नये, एवढेच पाहू.

आधी हा गोषवारा किती महत्त्वाचा आहे ते पाहू. २००९ साली केंद्र सरकारच्या कार्मिक विभागाने अहवालाची जी नवी पद्धत आणली, तिच्या नमुन्यात अहवाल लिहिणाऱ्या अधिकाऱ्याने सुमारे १०० शब्दांत कर्मचाऱ्याचे शब्दचित्र लिहायचे असते. त्यात त्याची बलस्थाने, जिथे तो कमी पडतो त्या बाबी, विशेष कामगिरी, ठळक अपयश आणि दुर्बल घटकांबद्दलची त्याची वृत्ती यावी, असे अपेक्षित आहे. बारा महिन्यांचे काम शंभर शब्दांत! पुढे बढती समितीपुढे साधारणपणे पाच वर्षांचे अहवाल ठेवले जातात. वीस उमेदवार असतील तर शंभर अहवाल झाले. समितीचे सभासद एका दिवसात किती वाचणार? ते शेवटचे शब्दचित्र पाहतात आणि श्रेणीचा तक्ता पाहतात. आपले वर्ष तेवढ्यावर तोलले जाते.

खासगी कंपन्यांत अशाच बैठकीला कॅलिब्रेशन म्हणतात. एक मॅनेजर सढळ हाताने गुण देतो, दुसरा हात आखडतो. सर्वांना एकाच मापाने मोजावे म्हणून ते एकत्र बसतात आणि प्रत्येक माणसाच्या वर्षभराच्या शेऱ्यांचा गोषवारा समोर ठेवतात. आपल्याकडे हे काम पुनर्विलोकन करणारा अधिकारी आणि नंतर बढती समिती किंवा छाननी समिती करते. नाव वेगळे असले तरी अडचण तीच आहे. ज्यांनी आपले काम डोळ्यांनी पाहिलेले नाही, ते आपल्याबद्दलचे चार ओळींचे लिखाण वाचून निर्णय देतात.

या चार ओळी किती महाग पडू शकतात, हे देवदत्त खटल्यात साऱ्या देशाला कळले. देवदत्त हे सीमा रस्ते संघटनेत कार्यकारी अभियंता होते. अधीक्षक अभियंत्याच्या बढतीसाठी पाचही वर्षे ‘अतिउत्तम’ शेरा लागत होता. त्यांना चार वर्षे तो मिळाला होता. १९९३-९४ या एका वर्षी मात्र ‘उत्तम’ एवढाच शेरा होता आणि तो त्यांना कधी कळवलाच नव्हता. ‘उत्तम’ हा काही प्रतिकूल शेरा नाही, मग कळवायचे कशाला, असे प्रशासनाचे म्हणणे होते. १२ मे २००८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते मान्य केले नाही. ज्या शेऱ्यामुळे बढती जाते तो नावाने उत्तम असला तरी परिणामाने प्रतिकूलच होय, म्हणून प्रत्येक शेरा कर्मचाऱ्याला कळवला पाहिजे, असे न्यायालयाने ठरवले. तोवर देवदत्त निवृत्त झाले होते. मे २००९ मध्ये कार्मिक विभागाने आदेश काढला आणि २००८-०९ पासूनचा अहवाल पूर्ण दाखवण्याची पद्धत सुरू झाली. अहवाल मिळाल्यापासून १५ दिवसांत आपले म्हणणे मांडता येते आणि अधिकाऱ्याने त्यावर ३० दिवसांत निर्णय द्यायचा असतो.

रेल्वे आणि डाक दोन्हींतील कर्मचाऱ्यांसाठी हा प्रश्न २०१६ नंतर अधिक तीव्र झाला. १०, २० आणि ३० वर्षांच्या सेवेवर मिळणाऱ्या एम.ए.सी.पी.च्या आर्थिक बढतीसाठी पूर्वी ‘उत्तम’ पुरत असे. सातव्या वेतन आयोगानंतर तिथेही ‘अतिउत्तम’ लागू लागले. म्हणजे जो कधी बढतीच्या स्पर्धेत उतरला नाही, त्या साध्या कर्मचाऱ्याच्या पगारावरही आता या चार ओळींची छाया पडते.

आता मुद्द्यावर येऊ. आपल्या समजुतीसाठी एक नमुना बांधू. समजा, एका डेपोत वॅगनच्या कामावर एक ज्युनियर इंजिनियर आहे. वर्षभरात त्याच्याबद्दल पुढील नोंदी जमा झाल्या. एप्रिल ते जून : रेकची तपासणी वेळेत, चूक नाही. जुलै : पावसाळी रात्री एका वॅगनची तापलेली ॲक्सल वेळीच पकडली, वॅगन गाडीतून काढून सिक लाइनवर लावली. ऑगस्ट : रजिस्टर दोन वेळा उशिरा भरले. सप्टेंबर : ‘उद्धट आहे.’ नोव्हेंबर : नव्याने आलेल्या चार मुलांना ब्रेकची तपासणी शिकवली. डिसेंबर-जानेवारी : रजिस्टर पुन्हा तीन वेळा उशिरा. फेब्रुवारी : बैठकीला गैरहजर. मार्च : रजिस्टर एकदा उशिरा. सुपरवायझर ऑक्टोबरअखेर बदलले. पहिल्याने सात महिने पाहिले, दुसऱ्याने पाच.

घाईने केलेला गोषवारा असा होतो : ‘कष्टाळू आहे पण उद्धट आणि लिखापढीत बेफिकीर. बैठकांना येत नाही. सर्वसाधारण.’ वाचायला हे तोललेले वाटते. एक गुण आला, उणिवाही आल्या. परंतु नोंदींशी ताडून पाहा. ॲक्सल पकडल्याची गोष्ट कुठे गेली? मुलांना शिकवले ते कुठे गेले? त्या दोन्ही गोष्टी ‘कष्टाळू’ या एका शब्दात बुडाल्या. एका दिवसाची गैरहजेरी मात्र ‘बैठकांना येत नाही’ अशी वर्षाची सवय होऊन बसली.

नीट गोषवारा करायचा तर पहिले काम म्हणजे नोंदींच्या दोन राशी पाडणे. ज्या नोंदीत घटना आहे ती एका राशीत, ज्या नोंदीत नुसते विशेषण आहे ती दुसऱ्या राशीत. ‘ॲक्सल पकडली’ ही घटना आहे. ‘उद्धट आहे’ हे विशेषण आहे. विशेषणाला विचारायचे : केव्हा, कुठे, कोणाशी? उत्तर आले तर ती घटना म्हणून लिहावी. उत्तर नसेल तर ती ओळ गोषवाऱ्यात घेऊ नये. आपल्या नमुन्यात चौकशी केल्यावर असे कळले समजा की सप्टेंबरात त्याने विश्रांतीचे तास पुरे झाले नाहीत म्हणून पुढची पाळी लेखी नाकारली होती. मग तो उद्धटपणा नव्हे. कर्मचाऱ्याने लेखी मांडलेली ती मागणी होती. मागणी बरोबर की चूक याचा निर्णय वेगळ्या कागदावर होईल, स्वभावाच्या शेऱ्यात नव्हे.

दुसरे काम प्रत्येक घटनेची खातरजमा करणे. फेब्रुवारीतील बैठकीच्या दिवशी त्याची मंजूर रजा होती, हे हजेरीपटात दिसते. ती नोंद गळली. ही खातरजमा पाच मिनिटांची असते, परंतु ती न करता ओळ एकदा अहवालात गेली की पुढे ती काढायला वर्ष लागते.

तिसरे काम सारख्या नोंदी एकत्र करून मोजणे. रजिस्टर उशिरा भरल्याच्या नोंदी ऑगस्टात २, डिसेंबर-जानेवारीत ३ आणि मार्चमध्ये १, अशा एकूण ६ झाल्या आणि त्या वर्षभर पसरलेल्या आहेत. म्हणून ही खरी उणीव आहे आणि आपण संघटनेचे असलो तरी ती लपवू नये. पण इथेच थांबायचे नाही. सहाही वेळा कोणती पाळी होती हे पाहावे. सगळ्या रात्रपाळ्या निघाल्या आणि त्या रात्री मदतनीस नव्हता असे दिसले, तर उणिवेचे कारण कळले. आता ती ‘बेफिकिरी’ राहत नाही. रात्री एकट्याने तपासणी आणि लिखाण दोन्ही वेळेत होत नाही, असा तिचा अर्थ होतो. त्यावर उपायही लिहिता येतो.

एक सावधगिरी मात्र हवी. मोजणी हा एकमेव नियम नव्हे. सुरक्षेची एखादी चूक वर्षात एकदाच झाली असली तरी ती लहान होत नाही, तशीच अपघात टाळणारी एकच कृती एकदाच झाली म्हणून क्षुल्लक ठरत नाही. ॲक्सल पकडल्याची नोंद एकच आहे, पण तिचे वजन सहा रजिस्टरांपेक्षा जास्त आहे. किती वेळा घडले आणि घडल्याने काय झाले, हे दोन्ही प्रश्न विचारावे लागतात.

चौथे काम म्हणजे वर्षाच्या दोन्ही टोकांकडे पाहणे. दुसऱ्या सुपरवायझरने नोव्हेंबरपासून पाहिले. त्याला जुलैची रात्र माहीतच नाही आणि मार्चचे रजिस्टर कालच पाहिले आहे. म्हणून अहवाल शेवटच्या तिमाहीचा होतो. नियम असा आहे की अहवाल लिहिण्यासाठी किमान तीन महिने काम पाहिलेले असावे आणि वर्षात दोन अधिकाऱ्यांनी तीन-तीन महिन्यांपेक्षा जास्त पाहिले असेल तर दोघांनी आपापल्या काळाचा अहवाल लिहावा. बदलीच्या घाईत पहिला साहेब न लिहिता गेला तर आपले निम्मे वर्ष कोरे राहते. साहेबांच्या बदलीचा आदेश निघाला की त्याच आठवड्यात आपल्या अहवालाची लेखी आठवण द्यावी, हा माझा आग्रह आहे.

या चार कामांनंतर गोषवारा असा होईल : ‘बलस्थाने : रेकच्या तपासणीत एप्रिल ते जून सातत्य; जुलैत रात्रीच्या तपासणीत तापलेली ॲक्सल ओळखून वॅगन वेळीच वेगळी केली. नव्या चार कर्मचाऱ्यांना ब्रेकची तपासणी शिकवली. सुधारणेची बाब : वर्षात सहा वेळा, सर्व रात्रपाळीत, रजिस्टर उशिरा भरले, त्या वेळी मदतनीस नव्हता. पाळी संपण्यापूर्वी रजिस्टर पूर्ण करावे. रात्रपाळीत मदतनीस देण्याचा विचार व्हावा. सप्टेंबरात पुन्हा पाहावे.’ हे सुमारे पन्नास शब्द आहेत. गुण तीन आहेत, उणीव एक आहे. समतोल म्हणजे दोन्हीकडे सारखी संख्या नव्हे. जितके पुराव्यात आहे तितकेच दोन्ही पारड्यांत टाकणे, हा समतोल. ‘एक तरी वाईट लिहिलेच पाहिजे’ म्हणून शोधून काढलेली उणीव ही तितकीच खोटी, जितकी मैत्रीखातर लिहिलेली स्तुती.

आता अंकांकडे येऊ, कारण घात तिथे होतो. २००९ च्या पद्धतीत १ ते १० गुण आहेत. ८ ते १० ‘असाधारण’, ६ पासून ८ च्या आतले ‘अतिउत्तम’, ४ पासून ६ च्या आतले ‘उत्तम’. कामाच्या निष्पत्तीला ४० टक्के, वैयक्तिक गुणांना ३० आणि कार्यकुशलतेला ३० टक्के वजन. ज्यांच्या फॉर्ममध्ये विभागणी वेगळी असेल त्यांनी आपल्या फॉर्मप्रमाणे हिशेब करावा. आपल्या ज्युनियर इंजिनियरला निष्पत्तीत ७, वैयक्तिक गुणांत ५ आणि कुशलतेत ५ मिळाले असे धरू. ७ चे ४० टक्के २.८, ५ चे ३० टक्के दीड आणि पुन्हा दीड, एकूण ५.८. म्हणजे ‘उत्तम’. एम.ए.सी.पी. अडकली. ‘उद्धट’ हा बिनपुराव्याचा शब्द काढला आणि वैयक्तिक गुणांत ५ ऐवजी ६ पडले, तर बेरीज ६.१ होते. ‘अतिउत्तम’. एका विशेषणाची किंमत एवढी आहे.

म्हणून अहवाल हाती आला की आधी शब्द आणि अंक जुळतात का ते पाहावे. शब्दचित्रात सर्व चांगले आणि अंक ५.८, किंवा शब्दांत तक्रार आणि अंक ८, असे असेल तर कुठेतरी गफलत आहे. बढती समितीलाही १९८९ च्या सूचनांत हेच सांगितले आहे की केवळ एकूण श्रेणीवर विसंबू नये, आतल्या नोंदी वाचून स्वतःचे मत बनवावे, कारण कधी कधी एकूण श्रेणी आणि आतल्या नोंदी यांचा मेळ बसत नाही. ही तरतूद आपल्या बाजूची आहे. परंतु आतल्या नोंदींत घटनाच नसतील तर समिती वाचणार काय?

तसेच मागच्या वर्षापेक्षा श्रेणी घसरली असेल तर घसरणीचे कारण शोधावे. उत्तर प्रदेश जल निगमच्या खटल्यात १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की श्रेणी अशी खाली आणायची तर तिची कारणे नोंदवली पाहिजेत. कारण नसेल तर तेच आपल्या निवेदनाचे पहिले कलम.

निवेदन लिहिताना आपले बंधू एक चूक वारंवार करतात. ‘साहेब माझ्यावर आकस ठेवतात’ असे लिहितात. आकस सिद्ध करता येत नाही आणि तो वाचून वरचा अधिकारी खालच्याची बाजू घेतो. त्याऐवजी असे लिहावे : ‘शब्दचित्रात मला उद्धट म्हटले आहे. त्यासाठी कोणतीही घटना किंवा तारीख दिलेली नाही. वर्षभरात मला याबाबत लेखी सूचना मिळालेली नाही. बैठकीच्या दिवशी माझी रजा मंजूर होती, प्रत सोबत जोडली आहे. जुलैतील ॲक्सलच्या घटनेची नोंद माझ्या स्वयंमूल्यांकनात आहे, ती शब्दचित्रात आलेली नाही. तरी वैयक्तिक गुणांच्या अंकांचा फेरविचार व्हावा.’ सहा वाक्ये आणि सोबत कागद. बस.

यातील जुलैच्या घटनेचे वाक्य तेव्हाच लिहिता येते, जेव्हा स्वयंमूल्यांकनात आपण काही लिहिलेले असते. इथे मला आपल्याच लोकांवर टीका करावी लागेल. किती तरी फॉर्मांत त्या रकान्यात ‘नेमून दिलेले काम समाधानकारक केले’ एवढेच असते. काही जण तो रकाना बाबूकडून भरून घेतात. साहेबाला वर्ष आठवत नाही, आपण आठवून दिले नाही, मग शंभर शब्दांत ते येणार कुठून? खिशात छोटी डायरी ठेवा. महिन्याला दोन ओळी पुरतात : तारीख, काय घडले, कोणासमोर. वर्षाला चोवीस ओळी होतात आणि त्यांतून चार निवडून स्वयंमूल्यांकनात लिहिता येतात. पोस्टमन बंधूंनी पुराच्या दिवसातील वाटप लिहावे, काउंटरवरील भगिनींनी गर्दीत जुळवलेला हिशेब लिहावा. आपली उणीवही आपणच कारणासह लिहावी. मग ती दुसऱ्याच्या शब्दांत ‘बेफिकिरी’ होऊन येत नाही.

दुसरी टीका संघटनेवर, म्हणजे माझ्यावरही. ‘सर्वांना असाधारण द्या’ अशी मागणी आपण काही ठिकाणी केली आहे. ती ऐकायला गोड आहे, पण सर्वांचे अहवाल सारखे झाले की बैठकीत लेखी पुराव्याला किंमत राहत नाही. मग सभासद आपसात विचारतात, ‘हा माणूस कसा आहे?’ आणि तिथे ओळखीपाळखी, जात, गाव, चहाचे कप बोलू लागतात. खुशामत न करणाऱ्याचे नुकसान तिथेच होते. म्हणून माझे स्पष्ट मत असे की आपली मागणी गुणांची नसावी, पद्धतीची असावी. शब्दचित्रातील प्रत्येक उणिवेसमोर तारीख आणि घटना असावी. ती उणीव वर्ष चालू असताना लेखी सांगितलेली असावी. तिच्याबरोबर उपाय लिहिलेला असावा, आणि उपायात प्रशासनाचा वाटा असेल, मदतनीस असो की प्रशिक्षण, तर तोही लिहावा. ही तीन कलमे येत्या वाटाघाटीच्या बैठकीत प्रत्येक शाखेने विषयपत्रिकेवर घ्यावीत.

गोषवारा कितीही चांगला केला तरी त्याने सगळे प्रश्न सुटणार नाहीत, हे मी जाणतो. जागाच कमी असतील तर चांगला अहवाल असलेलाही मागे राहतो. ‘अतिउत्तम’ची अट एम.ए.सी.पी.वरून काढावी, ही आपली लढाई वेगळी आहे आणि ती चालूच राहील. पण तोवर ज्याचा हक्क ५.८ आणि ६.१ यांच्या मधल्या फटीत अडकला आहे, त्याला तो मिळवून देणे आपल्या हाती आहे. यंदा अहवाल हाती आला की पहिल्याच दिवशी त्यावर मिळाल्याची तारीख टाका. पंधरा दिवस त्या तारखेपासून धावू लागतात.

कामगार एकजुटीचा विजय असो!